बैठकीच्या सारांशाचा शेवट कसा करावा: पुढची तारीख, वेळ आणि कोणतं काम कोणाकडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापन समितीसाठी आहे. महिन्यातून एकदा कमिटी बसते, दीड तास चर्चा होते आणि त्याच रात्री कोणीतरी ग्रुपवर सारांश टाकतो. त्या सारांशाच्या शेवटच्या सात-आठ ओळींबद्दलचे प्रश्न इथे घेतले आहेत. चर्चेचा भाग थोडा कमी-जास्त झाला तरी चालतं. शेवट ढिला राहिला, तर पुढच्या महिन्यात तीच बैठक पुन्हा घ्यावी लागते.

शेवटी नेमकं काय लिहायचं?

दोनच गोष्टी लिहायच्या. पहिली, पुढची बैठक: वार, तारीख, वेळ, जागा. दुसरी, बाकी कामांची यादी: काम काय, कोणाकडे, कधीपर्यंत. त्याखाली काही लिहू नका. "सर्वांचे आभार", "चहाची व्यवस्था छान होती" हे सगळं वर घ्या. मोबाईलवर लांब मेसेज उघडला की माणूस सरळ तळाशी जातो, आणि तिथे आभार दिसले की कामाच्या ओळी वरच राहून जातात.

या दोन्हींत तारीख आधी घ्यावी, कारण प्रत्येक कामाची मुदत त्या तारखेवरून ठरते. ११ जुलैला बसायचं हे पक्कं झालं, की कोटेशन कोणत्या दिवशी हातात हवं ते उलटं मोजता येतं.

तारीख लिहिताना इतकं काय चुकतं?

"पुढच्या शनिवारी" असं लिहिलं जातं. बैठक गुरुवारी झाली असेल, तर निम्मे लोक परवाचा शनिवार धरतात आणि निम्मे त्यानंतरचा. शिवाय मेसेज दोन दिवसांनी वाचणाऱ्याचा "पुढचा" वेगळाच असतो. त्यामुळे वार आणि तारीख दोन्ही लिहा आणि महिना अक्षरात लिहा: शनिवार, ११ जुलै २०२६. वार लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. तारीख टाइप करताना बोट चुकून १२ पडलं, तर वार जुळत नाही आणि कोणीतरी लगेच विचारतो. नुसती तारीख चुकली तर ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

वेळेच्या आधी "सकाळी", "रात्री" लावा आणि संपण्याची वेळही द्या. "रात्री ८.३० ते ९.४५" असं वाचलं की उशिरा घरी येणारा माणूस यायचं की नाही ते ठरवू शकतो. "जेवणानंतर" ही वेळ नव्हे. कोणाचं जेवण साडेसातला होतं, तर कोणाचं दहाला. जागाही प्रत्येक वेळी लिहा. नेहमीची असली तरी लिहा, कारण एखाद्या महिन्यात ऑफिसला कुलूप असतं आणि मग बैठक गच्चीवर की क्लबहाऊसमध्ये यावर दहा फोन होतात.

तारीख सुचवण्याआधी पंचांग लटकवलेल्या भिंतीकडे एकदा बघून घ्या. गणपती, नवरात्र, शाळांच्या परीक्षा, जोडून आलेली सुट्टी यांत बैठक ठेवली तर गणपूर्ती होत नाही आणि ठरलेली तारीख नुसती कागदावर राहते.

बैठकीतच तारीख ठरली नाही तर?

तरी सारांशात ती ओळ रिकामी सोडू नका आणि "तारीख नंतर कळवू" असंही लिहू नका. "नंतर" कधी आणि कळवणार कोण, हे दोन्ही त्यात नाही. त्याऐवजी तारीख ठरवणं हेच यादीतलं पहिलं काम करा: "पुढच्या बैठकीची तारीख ठरवून ग्रुपवर टाकणे: सेक्रेटरी, मंगळवार १६ जूनपर्यंत. पर्याय: शनिवार ११ जुलै किंवा रविवार १२ जुलै." व्हॉट्सॲपवर दोन पर्यायांचा पोल टाकला की काम होतं. तीनपेक्षा जास्त पर्याय देऊ नका. पाच दिले की प्रत्येकाला वेगळा आवडतो.

सारांशात तारीख दिली म्हणजे नोटीस दिली असं होतं का?

नाही, आणि इथे बऱ्याच सोसायट्या घसरतात. आदर्श उपविधींप्रमाणे समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा घ्यावी लागते आणि तिची सूचना सदस्यांना पूर्ण तीन दिवस आधी द्यावी लागते. पूर्ण तीन दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस सोडून मधले तीन. शनिवार ११ जुलैला बैठक असेल, तर ८, ९ आणि १० हे मधले दिवस धरून नोटीस उशिरात उशिरा मंगळवार ७ जुलैला निघायला हवी. नोटिशीत विषयपत्रिका असते. सारांशातल्या ओळीत ती नसते.

वार्षिक सर्वसाधारण सभेचंही असंच. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि तिला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. सभा अगदी शेवटच्या दिवशी ठेवली, तरी नोटीस १५ सप्टेंबरला हातात पडली पाहिजे. म्हणून जून-जुलैच्या सारांशातच "सभेची तारीख सुचवणे" हे काम एकाच्या नावावर असावं. ऑगस्टमध्ये आठवण झाली तर गणपतीच्या धामधुमीत नोटिसा वाटत फिरावं लागतं.

काम "कमिटी"च्या नावावर लिहिलं तर काय बिघडतं?

कमिटीला फोन करता येत नाही. "कमिटीने पाठपुरावा करावा" असं लिहिलेलं काम पुढच्या बैठकीपर्यंत जसंच्या तसं असतं, कारण नऊ जणांपैकी प्रत्येकाला वाटतं की दुसरा करतोय. दोन नावांचंही तेच होतं. "अध्यक्ष व खजिनदार" लिहिलं की अध्यक्ष खजिनदाराची वाट बघतात आणि खजिनदार अध्यक्षांची.

एका कामाला एकच नाव लिहा. मदतीला कोणी असेल तर "सोबत" म्हणून वेगळं लिहा. ज्याचं नाव आहे त्याने काम स्वतःच करायला हवं असं नाही. त्याने मॅनेजरकडून करून घ्यावं, वॉचमनला सांगावं, काहीही करावं. पुढच्या बैठकीत "झालं का?" याचं उत्तर मात्र त्यानेच द्यायचं.

बाहेरच्या माणसाला मालक करू नका. "प्लंबर: पंप दुरुस्ती" या ओळीला अर्थ नाही, प्लंबर ग्रुपवर नसतो आणि बैठकीला येत नाही. प्लंबरला बोलावणारा, उभं राहून काम बघणारा आणि बिल तपासणारा जो सदस्य आहे, त्याचं नाव लिहा.

आणि सगळं सेक्रेटरीच्या गळ्यात घालू नका. यादीत आठ कामं आणि त्यातली सहा सेक्रेटरीकडे असं दिसलं, की समजावं, कामं वाटली गेली नाहीत, फक्त लिहिली गेली. एका माणसाकडे तीनपेक्षा जास्त कामं आली की चौथं कोण घेतो, हे तिथेच विचारावं.

कामाची ओळ कशी लिहायची?

पूर्ण झालं की नाही हे तिसऱ्या माणसाला सांगता आलं पाहिजे, अशी लिहा. "लिफ्टचं बघणे" हे काम कधीच संपत नाही. कोणीही म्हणू शकतो, "बघतोय". "मेंटेनन्स कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक ग्रुपवर टाकणे" हे संपतं. क्रमांक आला म्हणजे झालं, नाही आला म्हणजे राहिलं.

"चर्चा करणे", "पाठपुरावा करणे", "लक्ष घालणे", "पाहणी करणे" हे शब्द ओळीत आले की थांबा आणि विचारा: यातून हातात काय येणार? कोटेशन, पावती, फोटो, सही केलेलं पत्र, तक्रार क्रमांक, बँकेची स्लिप, यातलं जे येणार असेल ते ओळीत लिहा.

दुसरी अडचण अशी की काम म्हणून आपण विषयच लिहितो. जूनमधल्या बैठकीत "टेरेसची गळती" हा विषय असतो, आणि त्यात निदान तीन कामं लपलेली असतात. आत्ता पाणी आत येतंय, म्हणून पावसाळ्यापुरती ताडपत्री. गळती कुठून होते हे पाऊस चालू असतानाच नीट दिसतं, म्हणून वरच्या मजल्यांवरच्या ओलीचे फोटो. आणि खरं वॉटरप्रूफिंग कोरड्या पृष्ठभागावर करायचं असतं, म्हणजे ते पावसाळा संपल्यावर. त्यासाठी आत्तापासून कोटेशन. तिन्हींच्या मुदती वेगळ्या, माणसंही बहुधा वेगळी. एकाच ओळीत एका नावावर घातलं, तर ताडपत्री पडते आणि बाकीची दोन कामं "गळतीचं झालं ना" या समजात बुडतात.

एक उदाहरण पूर्ण दाखवाल का?

बैठक शनिवार १३ जून २०२६ ला झाली असं धरू. वहीत घाईघाईने उतरवलेलं असं असतं:

"गळतीवर चर्चा. दोन कोटेशन आली, अजून एक मागवायचं. तोपर्यंत काहीतरी झाकायला पाहिजे. बी विंगची लिफ्ट पुन्हा अडकली. टाक्या साफ करायच्या. थकबाकीवाल्यांना पत्रं. एजीएमचं बघायचं. पुढची मीटिंग पुढच्या महिन्यात."

यातून सारांशाचा शेवट असा तयार होतो. इथे नावांऐवजी पद आणि फ्लॅट क्रमांक घातले आहेत. तुम्ही नावं घाला.

> पुढची बैठक: शनिवार, ११ जुलै २०२६, रात्री ८.३० ते ९.४५, सोसायटी ऑफिस, ए विंग तळमजला.
>
> बाकी कामं:
>
> १. बी विंगच्या टेरेसवर ताडपत्री बांधून फोटो ग्रुपवर टाकणे: बी-७०१, बुधवार १७ जून
>
> २. वॉटरप्रूफिंगचं तिसरं कोटेशन आणून तिन्हींचा तुलनात्मक तक्ता समितीला पाठवणे: बी-४०३, सोमवार ६ जुलै
>
> ३. बी विंग लिफ्ट: लेखी तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक टाकणे: ए-३०४, सोमवार १५ जून
>
> ४. पाण्याच्या टाक्यांची सफाई (वरच्या २, खालची १), रहिवाशांना दोन दिवस आधी सूचना: ए-१०२, रविवार २८ जून
>
> ५. तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असलेल्यांना स्मरणपत्रं देऊन पोच फाइलला लावणे: खजिनदार, शनिवार २० जून
>
> ६. वार्षिक सभेसाठी दोन तारखा आणि हॉलची उपलब्धता लेखी आणणे: सेक्रेटरी, मंगळवार ७ जुलै

सहा कामं, सहा माणसं. कोटेशनची मुदत ६ जुलै का, हे बघा. नोटीस ७ तारखेला निघायची आहे. तक्ता आदल्या दिवशी आला तर तो नोटिशीसोबतच जातो आणि सदस्य घरून वाचून येतात. मुदत १० जुलै दिली असती, तर बैठकीतली पहिली वीस मिनिटं सगळे मान खाली घालून तीन कोटेशन वाचत बसले असते आणि निर्णय ऑगस्टवर गेला असता. "पुढच्या बैठकीपर्यंत" ही मुदत म्हणूनच फसवी आहे. ती वाचणारा माणूस बैठकीच्या दिवशी संध्याकाळी फोन फिरवतो.

टाक्यांच्या ओळीत आकडा आहे (वरच्या २, खालची १), तोही उगीच नाही. आकडा नसला की वरच्या टाक्या साफ होतात, बिल दिलं जातं आणि खालची तशीच राहते.

हे सगळं लिहायचं कधी? घरी जाऊन?

मजकूर घरी जाऊन नीट करा, पण नावं आणि तारखा खुर्च्या सरकण्याआधी ठरल्या पाहिजेत. बैठकीची शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. लिहिणाऱ्याने यादी मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक ओळीनंतर त्या माणसाकडे बघून थांबावं. "हो" आलं की पुढची ओळ. वाचताना बरंच बाहेर पडतं: "मी २० पासून गावाला आहे", "ते कोटेशन तर आलंय माझ्याकडे". हे घरी बसून लिहिणाऱ्याला कळायचं काही कारण नसतं.

सारांश त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी जाऊ द्या. वरच्या उदाहरणात लिफ्टच्या तक्रारीची मुदत दोन दिवसांची आहे; सारांश चौथ्या दिवशी पोहोचला तर ती मुदत आधीच उलटलेली असते.

गैरहजर सदस्याच्या नावावर काम टाकलं तर चालेल का?

त्याला विचारल्याशिवाय नाही. ग्रुपवर आपलं नाव अचानक वाचून माणूस नाराज होतो, आणि न आलेल्यावर काम ढकलायची सवय लागली की पुढच्या वेळी लोक फक्त काम टाळण्यासाठी हजर राहतात. बैठक चालू असतानाच त्याला फोन लावा. फोन लागला नाही तर ओळ अशी लिहा: "बी-२०५ (होकार बाकी; विचारणार: सेक्रेटरी, १४ जून)". होकार येईपर्यंत त्या कामाचा मालक सेक्रेटरीच.

काम कोणीच घेत नसेल तर?

मग तसंच लिहा: "कोणाकडेही नाही". संकोचाने एखाद्याचं नाव घालण्यापेक्षा हे बरं. अशी ओळ दोन बैठका टिकली, तर ते काम पैसे देऊन बाहेरून करून घ्यायचं की सोडून द्यायचं, हा निर्णयाचा विषय होतो आणि तो विषयपत्रिकेवर यायला हवा. बागेतलं कारंजं हे याचं नेहमीचं उदाहरण. वर्षानुवर्षं यादीत असतं आणि खरं म्हणजे ते कोणालाच चालू करायचं नसतं.

राहिलेली कामं पुढच्या सारांशात कशी न्यायची?

जुनं काम पुन्हा लिहिताना ते पहिल्यांदा कधी आलं ते सोबत ठेवा: "(१३ जूनपासून)". मुदत बदलली तर जुनी खोडू नका: "मुदत ६ जुलै, आता २० जुलै". यात कोणाला टोचायचा हेतू नाही. तिसऱ्यांदा मुदत बदलली की काम मोठं आहे, पैसे अडलेत की माणूस चुकीचा आहे, हे विचारायची वेळ आली हे त्या ओळीवरूनच कळतं. झालेली कामं एकदाच "झालं" म्हणून दाखवा आणि पुढच्या सारांशातून काढा.

पुढची बैठक याच यादीने सुरू करा. नवे विषय आधी घेतले की जुनी यादी रात्री पावणेदहाला येते आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं.

व्हॉट्सॲपवर टाकताना काय सांभाळायचं?

तक्ता करू नका; मोबाईलवर ओळी तुटून नाव एका कामासमोर आणि तारीख दुसऱ्यासमोर दिसते. वरच्यासारख्या सुट्या ओळी आणि क्रमांक पुरेसे आहेत. नाव ठळक करायचं तर दोन्ही बाजूंना तारा द्या:

```
*पुढची बैठक:* शनिवार, ११ जुलै २०२६, रात्री ८.३०
३. लिफ्ट तक्रार क्रमांक: *ए-३०४*, सोमवार १५ जून
```

मेसेज ३० दिवसांसाठी पिन करता येतो. आजची बैठक आणि पुढची यांत बहुधा तेवढंच अंतर असतं, त्यामुळे तो पर्याय निवडा. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर चूक सापडली तर पूर्ण शेवट "सुधारित" असं लिहून पुन्हा टाका आणि जुना पिन काढा. नुसतं "११ नाही, १२ वाचावे" असं खाली टाकलं, तर ते शुभ सकाळच्या फुलांखाली गडप होतं.

थकबाकीदारांची नावं सारांशात घेऊ नका, विशेषतः तो सगळ्या रहिवाशांच्या ग्रुपवर जाणार असेल तर. काम "स्मरणपत्रं देणे" एवढंच. यादी खजिनदाराच्या फाइलमध्ये राहू दे.

मग इतिवृत्ताच्या वहीत वेगळं काय लिहायचं?

सारांश हा आठवणीसाठी आहे. इतिवृत्त हा सोसायटीचा दफ्तरी पुरावा आहे. वहीत ठराव, सूचक, अनुमोदक आणि निर्णय शब्दशः येतात, आणि पुढच्या बैठकीत ते वाचून कायम केले जातात. कोणाकडे काम दिलं तेही वहीत लिहावं, कारण खर्चाचा अधिकार त्यातून येतो: बी-४०३ ने कोटेशन मागवलं ते समितीच्या सांगण्यावरून, हे तिथे दिसलं पाहिजे. दोन्हींतल्या तारखा मात्र तंतोतंत जुळायला हव्यात. वहीत ११ आणि ग्रुपवर १२ असं झालं की भांडण ठरलेलं.

काही जण परदेशातून ऑनलाइन येतात. वेळ कशी लिहायची?

भारतीय वेळ आधी लिहा आणि त्यांच्या गावची वेळ शेजारी लिहा. रात्री ८.३० म्हणजे दुबईत संध्याकाळी ७, आणि ती वर्षभर तशीच राहते. लंडन आणि न्यूयॉर्कची तशी नाही, कारण तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात. आपले रात्रीचे ८.३० म्हणजे जुलैत न्यूयॉर्कला सकाळचे ११, पण डिसेंबरमध्ये १०. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या दोन टप्प्यांच्या आसपास बैठक असेल तर मागच्या महिन्याची ओळ उचलून चिकटवू नका.

तारीख आकड्यांत लिहायची नाही, हे इथे आणखी महत्त्वाचं. ०५/०६ म्हणजे पुण्यात ५ जून, पण अमेरिकेत वाढलेला सदस्य ते ६ मे वाचेल.